स्ट्रोकच्या संशयात डोक्याचा सीटी: रिपोर्टात आधी काय लिहायचं

रेडिओलॉजीत नुकतेच रुजू झालेले आणि पहिल्यांदाच एकट्याने रात्रपाळी सांभाळणारे डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. डोक्याच्या सीटीचा रिपोर्ट आपल्याला एका ठरावीक क्रमाने शिकवला जातो. आधी मेंदूचा भाग, मग व्हेंट्रिकल, सिस्टर्न, पोस्टीरिअर फोसा, कवटी, सायनस आणि तळाशी इम्प्रेशन. एरवी हा क्रम चालतो. स्ट्रोकच्या संशयात मात्र तो अंगाशी येतो, कारण तिकडे पेशंटजवळ उभा असलेला डॉक्टर रिपोर्ट वाचत बसत नाही, तो त्यात दोन-तीन उत्तरं शोधत असतो. क्लॉट विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का? मोठी रक्तवाहिनी बंद आहे का, म्हणजे कॅथेटर घालून क्लॉट काढणाऱ्या टीमला उठवायचं का? आणि मेंदूचं किती नुकसान आधीच होऊन गेलंय?

रिपोर्टाचा क्रम त्याच्या प्रश्नांच्या क्रमाने लावायचा, एवढंच या मांडणीचं सूत्र आहे. खाली साध्या, कॉन्ट्रास्ट न दिलेल्या सीटीवरच जास्त बोललो आहे, कारण पहिला निर्णय त्यावरच होतो.

१. चित्रं उघडण्याआधी हाताशी काय हवं

- पेशंट शेवटचा ठीकठाक कधी दिसला, ती वेळ
- कोणत्या बाजूला अशक्तपणा आहे, बोलणं गेलंय का, शुद्ध आहे का
- रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का
- आधीचा एखादा सीटी किंवा एमआरआय
- एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस. फक्त पाच मिलिमीटरच्या आल्या असतील तर टेक्निशियनला लगेच फोन

यातली वेळ सगळ्यात जास्त वेळा चुकीची येते. मागणीपत्रावर “एक तासापासून” असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ असतो, “घरच्यांनी एक तासापूर्वी पाहिलं.” पेशंट झोपेतून उठताना लुळा सापडला असेल, तर मोजणी तो झोपायला गेला तिथून सुरू होते. इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तासांची आहे. क्लॉट काढण्याची मुदत सरळ हिशेबाने सहा तासांची, आणि निवडक पेशंटमध्ये स्कॅन पाहून चोवीस तासांपर्यंत. त्यामुळे ही वेळ रिपोर्टाच्या डोक्यावर, स्कॅनच्या वेळेशेजारी लिहा.

बाजू आधी माहीत असावी, यावर काही वरिष्ठ हरकत घेतात. नजर पूर्वग्रहदूषित होते म्हणतात. माझं मत उलटं आहे. सुरुवातीचे बदल इतके पुसट असतात की कुठे पाहायचं हे माहीत असेल तरच ते दिसतात. फक्त तिथे पाहून झाल्यावर दुसरी बाजूही तितक्याच निगुतीने पाहा.

२. पहिली ओळ: रक्त आहे की नाही

पहिली ओळ एकाच गोष्टीची: “कवटीच्या आत रक्तस्राव नाही” किंवा “रक्तस्राव आहे”. तिच्यात “ठळकपणे दिसत नाही”, “बहुधा नसावा” असली मोघम भाषा नको. खरोखरच शंका असेल तर शंका कुठे आणि कशामुळे ते लिहा, आणि ताबडतोब फोन करा.

मोठा ब्लीड कोणालाही दिसतो. चुकतो तो लहान. “नाही” लिहिण्याआधी मी नेहमी याच जागा पाहतो: दोन्ही सिल्व्हियन फिशर, पेडंकलमधली सिस्टर्न, ऑक्सिपिटल हॉर्नचा तळ (पेशंट उताणा असल्याने रक्त तिथे साचतं), टेंटोरियमच्या कडा, आणि कवटीला चिकटलेली पातळ पट्टी. ही पट्टी नेहमीच्या ब्रेन विंडोत हाडाच्या पांढऱ्यात हरवते. विंडोची रुंदी २०० च्या आसपास आणि लेव्हल ८० च्या आसपास नेली की ती हाडापासून सुटून दिसते. कोरोनल चित्रंही एकदा खालीवर फिरवा. काही आठवडे जुना सबड्युरल मेंदूच्याच रंगाचा होतो. तेव्हा रक्त दिसत नाही, फक्त त्या बाजूचे सल्काय कवटीपर्यंत पोचत नाहीत. अशा पेशंटचा हात-पाय अगदी स्ट्रोकसारखाच लुळा असू शकतो.

उलटी चूकही होते. बेसल गँगलिआत दोन्ही बाजूंना सारखा पांढरा ठिपका असेल तर तो बहुतेक वेळा कॅल्शियम असतो. ताजं रक्त साधारण ५० ते ८० हाउन्सफील्ड युनिट भरतं, कॅल्शियम बऱ्याचदा शंभराच्या पुढे जातं. जाड स्लाइसमध्ये लहानशा कॅल्शियमचा आकडा शेजारच्या मेंदूत मिसळून खाली येतो, म्हणून मोजमाप पातळ स्लाइसवरच करा. हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या पेशंटमध्ये ताजं रक्तही फिकं दिसतं, हेही ध्यानात असू द्या.

रक्त असेल, तर पुढच्या ओळींचा क्रम बदलतो. मग लगेच लिहायचं: कुठे, किती मिलिलिटर, व्हेंट्रिकलमध्ये उतरलंय का, हायड्रोसेफॅलस आहे का, मिडलाइन किती मिलिमीटर सरकली. आकारमानासाठी सोपा हिशेब आहे. रक्त सगळ्यात मोठं दिसतं त्या स्लाइसवर सर्वांत लांब व्यास घ्या, त्याला काटकोनात दुसरा घ्या, आणि उंचीसाठी स्लाइसची संख्या गुणिले जाडी घ्या. तिन्हींचा गुणाकार भागिले दोन. व्यास ४ आणि ३ सेंटिमीटर, आणि पाच मिलिमीटरच्या सहा स्लाइसमध्ये रक्त, म्हणजे उंची ३ सेंटिमीटर. ३६ भागिले २, म्हणजे १८ मिलिलिटर. ज्या स्लाइसवर रक्ताचं क्षेत्र सर्वांत मोठ्या स्लाइसच्या पाऊण हिश्श्याहून जास्त असेल ती पूर्ण धरायची, पाव ते पाऊण असेल ती अर्धी, आणि पाव हिश्श्याहून कमी असेल ती सोडून द्यायची. कडेच्या किरकोळ स्लाइस सरसकट मोजल्या तर आकडा फुगतो.

रक्त सेरेबेलममध्ये असेल तर चौथं व्हेंट्रिकल दबलंय का आणि ब्रेनस्टेमवर दाब आहे का, हे पहिल्या ओळीतच आलं पाहिजे. तिथे जागा इतकी कमी असते की न्यूरोसर्जनला त्याच मिनिटाला कळायला हवं.

३. दुसरी ओळ: मोठी रक्तवाहिनी

रक्त नसेल तर पुढचा प्रश्न क्लॉटचा. मिडल सेरेब्रल आर्टरीत ताजा क्लॉट असेल तर ती साध्या सीटीवरही पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसू शकते. इथे पाच मिलिमीटरची स्लाइस दगा देते, कारण वाहिनीच मुळात तीनएक मिलिमीटरची असते. पातळ स्लाइस घ्या आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवून मोजा. नुसतं “जास्त पांढरी वाटते” हे पुरेसं नाही. संशयित बाजूचा आकडा भागिले दुसऱ्या बाजूचा आकडा १.२ च्या वर गेला तर चिन्हाला वजन येतं. दोन्ही बाजूंच्या वाहिन्या आणि सायनसही सारखेच पांढरे असतील तर रक्त घट्ट आहे, हिमॅटोक्रिट जास्त आहे, एवढंच. भिंतीतलं कॅल्शियम वाहिनीच्या कडेला असतं आणि त्याचा आकडा क्लॉटपेक्षा खूप वर जातो.

सिल्व्हियन फिशरमधला एकटा पांढरा ठिपकाही पाहा, ती मिडल सेरेब्रलची पुढची शाखा असू शकते. आणि पेशंट बेशुद्ध असेल किंवा डोळे विचित्र फिरत असतील, तर पॉन्सच्या पुढ्यातला बेसिलर आर्टरीचा ठिपका विसरू नका. सगळे मिडल सेरेब्रलकडे बघत राहतात आणि बेसिलर तशीच राहून जाते.

मुख्य खबरदारी अशी की हे चिन्ह दिसलं नाही म्हणून वाहिनी उघडी आहे असं होत नाही. म्हणून ओळ अशी लिहा: “साध्या सीटीवर मोठ्या वाहिनीत क्लॉटचं चिन्ह दिसत नाही, याने ऑक्लूजन नाकारता येत नाही.” सीटी अँजिओग्राफी त्याच टेबलावर, पेशंट न हलवता, महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या टोकापर्यंत व्हावी. मूत्रपिंडाच्या आजाराचा इतिहास नसेल तर क्रिएटिनिनच्या निकालासाठी ती अडवून धरू नये.

४. तिसरी ओळ: नुकसान किती झालंय

इथे ॲस्पेक्ट्स स्कोअर लागतो. मिडल सेरेब्रलच्या क्षेत्राचे दहा भाग केलेले आहेत: कॉडेट, लेंटिफॉर्म, इंटर्नल कॅप्सूल, इन्सुला आणि कॉर्टेक्सचे एम१ ते एम६. बेसल गँगलिआच्या पातळीवर पहिले चार आणि एम१ ते एम३. त्याच्या वरच्या पातळीवर एम४ ते एम६. दहापासून सुरुवात करायची आणि ताजा इस्केमिक बदल असलेल्या प्रत्येक भागामागे एक वजा करायचा.

आधी विंडो अरुंद करा. रुंदी ४० आणि लेव्हल ४० वर आणलं की करडा आणि पांढरा यांतला फरक एकदम उघडा पडतो. नेहमीच्या ८० च्या रुंदीवर लेंटिफॉर्मची पुसलेली कड दिसणं अवघड असतं. इन्सुलाची करडी फीत एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला विरघळल्यासारखी, हे बहुधा पहिलं दिसणारं चिन्ह.

चुका कुठे होतात? जुना इन्फार्क्ट वजा करणं ही सर्वांत जास्त होणारी. जुन्या जखमेचा रंग सीएसएफच्या जवळ गेलेला असतो आणि शेजारचे सल्काय किंवा व्हेंट्रिकल त्या बाजूला ओढलेले असतात. ताज्या इस्केमियात ओढ नसते, उलट सल्काय बुजू लागतात. फक्त सूज आहे आणि रंग बदललेला नाही, अशा भागाचा गुण कापू नका. तिथला मेंदू अजून वाचण्याजोगा असू शकतो. डोकं तिरकं ठेवलेलं असेल तर एका स्लाइसवर दोन बाजूंच्या दोन वेगळ्या पातळ्या येतात आणि एक बाजू उगाच काळी वाटते. अशा वेळी आधी चित्र सरळ करून घ्या, मग मोजा.

नावांचा एक घोळही आहे. “एम१” हा मिडल सेरेब्रल आर्टरीचा पहिला तुकडाही आहे आणि ॲस्पेक्ट्समधला कॉर्टेक्सचा एक भागही. रिपोर्टात “डावा एम१ गेलेला” असं लिहिलंत तर वाचणारा वाहिनी बंद आहे असं समजेल. “एम१ सेगमेंट” किंवा “एम१ कॉर्टिकल भाग” असं पूर्ण लिहा.

नुसता आकडाही देऊ नका, कोणते भाग गेले ते लिहा. “आठ, इन्सुला आणि लेंटिफॉर्म” म्हटलं की दुसरा डॉक्टर चित्रावर ताडून पाहू शकतो. ॲस्पेक्ट्स फक्त मिडल सेरेब्रलसाठी आहे. ऑक्सिपिटल किंवा सेरेबेलममध्ये इन्फार्क्ट असेल तर “ॲस्पेक्ट्स १०” लिहून मोकळं होणं म्हणजे फसवणूकच. तिथे शब्दांत वर्णन करा.

आणखी एक गोष्ट याच ओळीत बसते. पेशंटला तासच झाला असं सांगितलंय, पण चित्रात मोठा, गडद, स्पष्ट कडांचा काळा भाग आहे. इतका बदल एका तासात होत नाही. अशा वेळी “दिसणारा बदल दिलेल्या वेळेशी जुळत नाही, वेळ पुन्हा विचारून घ्यावी” असं स्पष्ट लिहा. तो काळा भाग विस्तृत असेल तर इंजेक्शनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ही सूचना दबून राहता कामा नये.

उपचार द्या किंवा देऊ नका हे मात्र रिपोर्टात लिहायचं नाही. पूर्वी सहाच्या खालचा स्कोअर म्हणजे क्लॉट काढायचा नाही असा सरळ संकेत होता. २०२२ पासून आलेल्या अभ्यासांत तीन ते पाच स्कोअरच्या निवडक पेशंटनाही फायदा दिसला, आणि तो संकेत सैल झाला. आपण आकडा आणि भाग नेमके द्यावेत, पुढचं त्या टीमला ठरवू द्यावं.

५. एक केस, सुरुवातीपासून

चौसष्ट वर्षांची बाई. सकाळी ७.१० ला घरच्यांशी नीट बोलली. पावणेआठला उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं बंद. सीटी ८.३२ ला. उजवी बाजू लुळी आणि भाषा गेलेली, म्हणजे डावीकडे पाहायचं.

ब्रेन विंडोत काही खास नाही. रक्ताच्या सगळ्या जागा पाहिल्या, कुठेही नाही. पातळ स्लाइसवर डावी मिडल सेरेब्रल ५८ युनिट, उजवी ३८. भागाकार दीडच्या वर. विंडो अरुंद केल्यावर डाव्या इन्सुलाची फीत गेलेली आणि लेंटिफॉर्मची बाहेरची कड पुसट. कॉर्टेक्सचे सहाही भाग ठीक. उजव्या कॉडेटमध्ये एक छोटा, सीएसएफच्या रंगाचा खड्डा आहे. तो जुना, शिवाय दुसऱ्या बाजूचा.

सवयीने लिहिला तर याचा रिपोर्ट असा निघतो:

> वयानुसार सेरेब्रल ॲट्रॉफी. उजव्या कॉडेटमध्ये जुना लॅक्यूनर इन्फार्क्ट. पेरिव्हेंट्रिक्युलर भागात क्रॉनिक इस्केमिक बदल. व्हेंट्रिकल किंचित मोठी. डाव्या लेंटिफॉर्मच्या कडा किंचित अस्पष्ट. मिडलाइन शिफ्ट नाही. मॅक्सिलरी सायनसमध्ये म्युकोसा जाड. क्लिनिकल कोरिलेशन करावे.

यात खोटं काहीच नाही. पण रक्त नाही हे कुठेच लिहिलेलं नाही, क्लॉट गायब आहे, आणि कामाचं एकमेव वाक्य मधोमध पुरलं गेलंय. तोच स्कॅन नव्या मांडणीत (प्रत्यक्षात हे इंग्रजीत टाइप होतं):

> शेवटची ठीक असल्याची वेळ ७.१०, स्कॅन ८.३२.
> १. कवटीच्या आत रक्तस्राव नाही.
> २. डाव्या मिडल सेरेब्रल आर्टरीचा एम१ सेगमेंट हायपरडेन्स (५८ विरुद्ध ३८ युनिट), ताज्या क्लॉटशी सुसंगत. अँजिओग्राफी चालू.
> ३. डाव्या बाजूला ताजा इस्केमिक बदल: इन्सुला, लेंटिफॉर्म. ॲस्पेक्ट्स ८.
> ४. मास इफेक्ट किंवा स्ट्रोकसारखं भासवणारं दुसरं कारण दिसत नाही.
> ५. स्ट्रोक टीमच्या ड्यूटी डॉक्टरांना ८.३७ ला फोनवर सांगितलं, त्यांनी परत म्हणून दाखवलं.
> इतर: उजव्या कॉडेटमध्ये जुना लॅक्यून. पेरिव्हेंट्रिक्युलर भागात क्रॉनिक बदल.

सायनसचा म्युकोसा मी गाळला. तुम्हाला लिहायचा असेल तर “इतर”मध्ये लिहा, पण त्यासाठी रिपोर्ट एक मिनिटही अडवू नका.

चौथी ओळ पाहून काहींना ती भरताड वाटते. ती तिथे मुद्दाम आहे. ट्यूमरभोवतीची सूज, सबड्युरल, शिरांच्या सायनसमधला क्लॉट ही कारणं पाहूनच नाकारली आहेत, हे वाचणाऱ्याला कळतं; आणि लिहायची असल्यामुळे आपणही पाहतो.

६. फोन

टाइप करण्याआधी फोन. पहिल्या तीन ओळी जशा रिपोर्टात असणार तशाच, त्याच क्रमाने बोला. बाजू पूर्ण शब्दांत सांगा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. स्क्रीनवर पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, घाईत जीभ तिथेच घसरते. “डावीकडची वाहिनी बंद, लक्षणं उजवीकडे” असं दोन्ही एका दमात म्हटलं की चूक असेल तर ती समोरच्याच्या कानाला खटकते.

फोन वॉर्डच्या कोणालाही नाही, निर्णय घेणाऱ्या डॉक्टरलाच. कोणाला आणि किती वाजता हे पाचव्या ओळीत लिहा.

७. टेम्प्लेट बनवताना

पाच ओळी सिस्टिममध्ये तयार ठेवा, पण रकाने रिकामे ठेवा. “रक्तस्राव नाही” हे आधीच भरून ठेवलेलं टेम्प्लेट मी कोणालाही वापरू देत नाही. घाईत बाकीचे रकाने बदलले जातात आणि ते वाक्य तसंच राहतं. बाजूचा रकानाही रिकामाच हवा.

चित्र पूर्ण नॉर्मल असेल तर इम्प्रेशनमध्ये “नॉर्मल स्टडी” लिहू नका. पहिल्या काही तासांत साध्या सीटीवर इस्केमिया न दिसणं नेहमीचंच आहे, आणि पोस्टीरिअर फोसात हाडांमुळे पडणाऱ्या पट्ट्यांत तो आणखी लपतो. “रक्तस्राव नाही, ताजा इस्केमिक बदल दिसत नाही, ॲस्पेक्ट्स १०, सुरुवातीचा इस्केमिक स्ट्रोक याने नाकारता येत नाही” असं लिहिलं की उपचार करणाऱ्याचा हात अडत नाही.

८. अँजिओग्राफी आल्यावर

पहिल्या रिपोर्टावर खाडाखोड करायची नाही, खाली वेळ घालून पुरवणी जोडायची. आमच्या बाईच्या बाबतीत ती अशी: “८.४६: डाव्या मिडल सेरेब्रलचा एम१ सेगमेंट सुरुवातीलाच बंद. डावी अंतर्गत कॅरोटिड मानेत आणि डोक्यात उघडी.” कॅरोटिडचं वाक्य विसरलं जातं. मानेतही अडथळा असेल तर कॅथेटर वर न्यायचा रस्ताच बदलतो, म्हणून ते टीम निघण्याआधी कळायला हवं.

पुरवणीने आधीचं मत बदलत असेल, उदाहरणार्थ वरिष्ठांना सकाळी सिल्व्हियन फिशरमध्ये पातळसं रक्त दिसलं, तर आधी फोन, मग टायपिंग. पुरवणीच्या पहिल्या वाक्यात “आधीच्या रिपोर्टातली पहिली ओळ बदलली आहे” असं लिहा, कारण इंजेक्शन चालू असेल तर ते थांबवायचं की नाही, हा निर्णय त्या एका वाक्यावर होणार असतो.